राजीनाम्यावर तारीख घालण्याआधी

प्रिय ताई,

सप्टेंबरअखेरीस राजीनामा द्यायचा आणि दोन महिन्यांची नोटीस धरून ३० नोव्हेंबर २०२६ ला मोकळं व्हायचं, असं तुम्ही ठरवलं आहे हे कळलं. नोकरी सोडावी की नाही, हा तुमचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण ही ३० नोव्हेंबर तारीख मला खटकली. तुम्ही भोसरीच्या या कारखान्यात रुजू झालात १५ जून २००९ ला. पगाराच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला अशा दोन तारखा शेजारीशेजारी दिसल्या की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. म्हणून हे पत्र.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही म्हणालात, ‘ग्रॅच्युइटी काय, देतील ती घ्यायची.’ तसं नाही, ताई. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा केंद्रीय कायदा आला, तेव्हापासून दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या कारखान्यात आणि कार्यालयात ही रक्कम कंपनीच्या मर्जीची राहिलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तरी हिशोबाचा सांगाडा तोच आहे. सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल, तर निवृत्तीच काय, स्वतःहून राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. ‘आपणच सोडतोय, मग कशी मागायची?’ हा संकोच मी विशेषतः बायकांमध्ये फार पाहिला आहे. कायद्यात राजीनाम्याचा उल्लेख निवृत्तीच्या बरोबरीने आहे, त्यामुळे संकोचाचं काही कारणच नाही.

आता हिशोब. झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, आणि तेही शेवटच्या महिन्याच्या दराने. एका दिवसाचं वेतन काढताना महिन्याच्या वेतनाला २६ ने भागायचं, ३० ने नाही, कारण रविवार सोडले तर महिन्यात कामाचे दिवस साधारण तेवढेच भरतात. यावरून पूर्वी कोर्टकज्जे झाले, सर्वोच्च न्यायालयाने २६ चा आकडा योग्य ठरवला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यातच लिहिला गेला. संहितेतही तोच आहे. तरीही ३० ने भागलेले कागद अजून फिरत असतात.

तुमचं मूळ वेतन २२,००० आणि महागाई भत्ता ४,०००, म्हणजे २६,००० रुपये. २६ ने भागलं की दिवसाचे १,००० आणि १५ दिवसांचे १५,०००. एका वर्षामागे १५,००० रुपये, ही झाली जुन्या पद्धतीची रक्कम. कुणी ३० ने भागलं तर हेच १३,००० होतात. सतरा वर्षांचा फरक ३४,०००. हिशोबाचा कागद हातात आला की आधी हा भागाकार बघा. त्यासाठी लेखाविभागातली माणसं लागत नाहीत.

या रकमेतली खरी मेख ‘शेवटच्या महिन्याच्या दराने’ या शब्दांत आहे. तुमच्या वार्षिक पगाराच्या पत्रात, त्या सीटीसीच्या तक्त्यात, ग्रॅच्युइटीची एक ओळ असते, मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के. पंधराला सव्वीसने भागा, आलेल्या उत्तराला बाराने भागा, हाच आकडा येतो. त्या वर्षापोटी कंपनीवर किती बोजा चढला, एवढंच तो सांगतो. तुमच्या पगारातून त्यासाठी काहीही कापलं जात नाही आणि तुमच्या नावाच्या खात्यात काही साठतही नाही. म्हणून सगळ्या वर्षांची पत्रं काढून त्या ओळींची बेरीज करत बसू नका, ती बेरीज चुकीचीच येईल. समजा, रुजू झालात तेव्हा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ७,००० होते. त्या वर्षाच्या ओळीत चार हजारांच्या आसपास आकडा असणार. पण आज सोडताना तेच २००९-१० चं वर्ष आजच्या दराने मोजलं जातं, म्हणजे १५,००० रुपयांना. भविष्य निर्वाह निधीत जुन्या वर्षाची वर्गणी जुन्या पगारावरच भरलेली असते, वर व्याज तेवढं चढतं. ग्रॅच्युइटीत जुनी वर्षं नव्या पगाराला जाऊन बसतात. दिवाळीच्या आसपास पगारवाढ किंवा महागाई भत्त्याची दुरुस्ती होणार असेल, तर ती सुटण्याआधी लागू झाली की नंतर, हा प्रश्न म्हणूनच एका महिन्याच्या वाढीपुरता नसतो. तो सतरा वर्षांना लागू होतो.

वर ‘जुन्या पद्धतीची रक्कम’ म्हणालो, त्याचं कारण वेतनाची व्याख्या बदलली आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं पगाराचे तुकडे करायची रीत आहे, मूळ वेतन लहान ठेवायचं आणि भत्ते फुगवायचे. मूळ वेतन लहान असलं की भविष्य निर्वाह निधीही कमी आणि ग्रॅच्युइटीही कमी. नव्या व्याख्येने याला लगाम घातला आहे. घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, जादा कामाचे पैसे, कमिशन अशा काही बाबी वेतनाबाहेर ठेवल्या आहेत. पण त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली, तर निम्म्याच्या वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा.

तुमचा एकूण मोबदला ६०,००० आहे. त्यातले २६,००० मूळ वेतन आणि महागाई भत्ता. उरलेले ३४,००० या बाहेर ठेवलेल्या बाबींत आहेत असं धरू. साठ हजारांचे निम्मे ३०,०००, म्हणजे ३४ हजारांतले ४,००० जास्तीचे. ते वेतनात आले आणि तुमचं वेतन ३०,००० झालं. आता २६ ने भागून १५ ने गुणा, एका वर्षामागे १७,३०८ रुपये येतात, पंधरा हजार नव्हे. एक गोष्ट मात्र तुमच्या पगारपत्रकावर बोट ठेवून बघायला हवी. ‘विशेष भत्ता’ नावाची ओळ बऱ्याच पगारपत्रकांत असते. तिला वगळण्याच्या यादीत जागा नाही, आणि व्याख्येची सुरुवातच ‘सर्व मोबदला’ अशी आहे. असा भत्ता तुमच्या ३४ हजारांत लपलेला असेल, तर वेतन तीस हजारांहूनही वर जाईल. कंपनीने कोणती ओळ आत धरली आणि कोणती बाहेर, याचा तक्ता लेखी मागा. हा नवा मामला आहे, पगार विभागही अजून चाचपडत आहेत. त्यामुळे जुन्या संगणक प्रणालीतून २६,००० वर काढलेला आकडा समोर आला तर नवल वाटू देऊ नका, पण तो मान्यही करू नका.

आता तारखेकडे वळतो. पत्राचं मूळ कारण तेच आहे.

वर्षं मोजताना पुरी झालेली वर्षं धरतात आणि वरच्या महिन्यांसाठी नियम असा, की सहा महिन्यांपेक्षा जास्त भाग असेल तर तो पूर्ण वर्ष, नाहीतर शून्य. १४ जून २०२६ ला तुमची सतरा वर्षं पुरी झाली. ३० नोव्हेंबरला सुटलात तर सतरा वर्षं, पाच महिने आणि सोळा दिवस. हे साडेपाच महिने हिशोबात कुठेच येत नाहीत. सहा महिने पुरे होतात १४ डिसेंबरला. त्यानंतरचा कुठलाही दिवस शेवटचा असेल, तर तुमची अठरा वर्षं मोजली जातील. सतरा वर्षांचे होतात २,९४,२३१ रुपये, अठरा वर्षांचे ३,११,५३८. पंधरा दिवसांच्या फरकासाठी १७,३०७ रुपये सोडायचे कशाला? मी तुमच्या जागी असतो तर राजीनामा ऑक्टोबरअखेरीस दिला असता आणि शेवटचा दिवस ३१ डिसेंबर लिहिला असता. अगदी १५ तारखेवर टेकून राहू नये. एखादा दिवस इकडचा तिकडे मोजला गेला तर वाद घालत कोण बसणार?

यात एक खाचखळगा आहे. नोकरीचा शेवटचा दिवस म्हणजे राजीनामा दिल्याचा दिवस नव्हे, कार्यमुक्त झाल्याचा दिवस. नोटिशीचे दोन महिने काम केलंत तर ते नोकरीतच मोजले जातात. पण साहेबांनी ‘उद्यापासून आला नाहीत तरी चालेल’ म्हटलं आणि कार्यमुक्तीच्या पत्रावर आधीची तारीख पडली, तर नोकरी तिथेच संपली. आपल्याकडे हा प्रेमळपणा बऱ्याचदा खऱ्या प्रेमानेच दाखवला जातो, तरी हिशोबात तो नडतो. म्हणून राजीनामापत्रात ‘माझा शेवटचा कामाचा दिवस ३१ डिसेंबर २०२६ असेल’ असं स्पष्ट लिहा आणि त्याच तारखेसह स्वीकृती मागून घ्या. रजेचंही तसंच आहे. शिल्लक रजा डिसेंबरात मंजूर करून घेऊन घरी बसलात, तर ते दिवस नोकरीत धरले जातात. पण रजा न घेता तिचे पैसे घेतलेत, तर त्या पैशांनी नोकरी एका दिवसानेही लांबत नाही.

सुरुवातीच्या तारखेवरही लक्ष ठेवा. तुमचं नेमणूकपत्र १५ जून २००९ चं आहे आणि कायम केल्याचं पत्र बरोबर एका वर्षानंतरचं. कर्मचारी विभागाच्या संगणकात काही जणांच्या नावापुढे कायम झाल्याची तारीखच रुजू होण्याची तारीख म्हणून बसली आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. परिवीक्षेचा काळ नोकरीच असतो. तुमच्याबाबत तसं झालं असेल तर आख्खं एक वर्ष गेलं, म्हणजे पुन्हा सतरा हजार. आजच जाऊन संगणकातली तारीख बघून या.

दुसरी शंका तुम्ही मागे बोलून दाखवली होती, ती सासूबाईंच्या आजारपणातल्या बिनपगारी रजेची. ते चार महिने वजा होतील, अशी तुमची समजूत आहे. नाही होणार. सलग नोकरी याचा अर्थ रोज हजर असणं असा कायद्याने घेतलेला नाही. आजारपण, अपघात, रजा, संप, टाळेबंदी यांनी नोकरीत खंड पडत नाही. न सांगता झालेली गैरहजेरीसुद्धा, कंपनीने नियमाप्रमाणे ‘सेवेत खंड’ असा रीतसर आदेश काढला असेल तरच खंड ठरते. तुमची रजा मंजूर होती. दोन्ही बाळंतपणांच्या रजांनाही हेच लागू. रजेचा मंजुरीचा कागद किंवा ईमेल मात्र शोधून ठेवा. कार्यालयाचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो, मग शोधायला काही उरत नाही.

तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही हे वाचायला द्या. चार वर्षं सात महिने झाले, आता ‘राउंड’ होऊन पाच धरतील, अशा भरवशावर ती दुसरी नोकरी बघते आहे. सहा महिन्यांचा नियम रक्कम मोजण्यासाठी आहे, पाच वर्षांचा उंबरठा ओलांडायला तो चालत नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरावं, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिला आहे, पण सगळ्या कंपन्या तो आपणहून पाळत नाहीत. तिने पाच वर्षं पुरी करून उठावं. तिची नेमणूक ठरावीक मुदतीच्या कराराची असती, तर नव्या संहितेत पाच वर्षांची अट लागली नसती, झालेल्या काळाच्या प्रमाणात रक्कम मिळाली असती. पण ती कायम आहे.

अर्ज कसा करायचा, तेही सांगतो. शेवटच्या दिवसानंतर लगेच, उशिरात उशिरा तीस दिवसांत, ग्रॅच्युइटीसाठी वेगळा लेखी अर्ज द्या. रुजू झाल्याची तारीख, सुटल्याची तारीख, शेवटचं वेतन, मागत असलेली रक्कम आणि बँकेचा खातेक्रमांक त्यात असू द्या. जुन्या नियमांत याला नमुना ‘आय’ म्हणत, सध्याचा छापील नमुना कर्मचारी विभागाकडे मिळेल. खरं तर अर्ज आला नाही तरी रक्कम ठरवून कळवण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे आणि रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची असते. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. जुन्या कायद्याखाली हा दर वर्षाला १० टक्के सरळ व्याजाचा होता. तुमच्या रकमेवर त्या दराने महिन्याला साधारण २,६०० रुपये होतात. तरी अर्ज द्याच, कारण पुढे बोलायची वेळ आली तर तारखेचा पुरावा लागतो.

या काळात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘एलआयसीकडून पैसे आले नाहीत.’ बऱ्याच कंपन्या या देण्यासाठी एलआयसीची गट योजना घेतात. ती कंपनीची आपली सोय. तुम्हाला देणं कंपनीचं आहे, आणि विम्याची रक्कम उशिरा किंवा कमी आली म्हणून ते थांबत नाही. दुसरं वाक्य, ‘आधी फुल अँड फायनलवर सही करा.’ त्या कागदावर बहुधा ‘सर्व येणे मिळाले, कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असं छापलेलं असतं. हिशोबाचा तक्ता बघितल्याशिवाय त्यावर सही करू नका. घाई केलीच, तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने ‘ग्रॅच्युइटी अद्याप मिळालेली नाही’ असं लिहा. तशी सही झाली म्हणून कायद्याने दिलेला हक्क बुडत नाही, पण नंतरची वादावादी वाढते.

ग्रॅच्युइटी अडवायची कारणंही कायद्याने मोजकी ठेवली आहेत. नुकसान केल्याबद्दल नोकरीवरून काढलं असेल तर त्या नुकसानीपुरती रक्कम, आणि हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी काढलं असेल तर काही किंवा सगळी. तुम्ही राजीनामा देऊन जात आहात, यातलं तुम्हाला काहीच लागू नाही. काम नीट सोपवलं नाही किंवा साहेब नाराज आहेत, ही कारणं त्यात कुठेच बसत नाहीत.

कराची चिंता करू नका. खासगी नोकरीत या कायद्याखाली मिळणारी ग्रॅच्युइटी आयुष्यभरात मिळून २० लाख रुपयांपर्यंत करमुक्त आहे, तुमची तीन लाख अकरा हजार त्यात आरामात बसते. रजेच्या पैशांचा आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशोब वेगळा, तो यात मिसळू नका. पुढे दुसरीकडे नोकरी केलीत आणि तिथेही ग्रॅच्युइटी मिळाली, तर आजची रक्कम त्या वीस लाखांतून वजा होणार. म्हणून ज्या कागदावर ही रक्कम वेगळी दाखवली आहे तो जपून ठेवा.

आणि इतकं करूनही तीस दिवस उलटले, किंवा अठराऐवजी सतरा वर्षं धरून पैसे आले, तर आधी कर्मचारी विभागाला एक लेखी पत्र द्या. त्याने काम झालं नाही तर कायद्याने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आपल्या भागासाठी कोण, ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी केली की कळेल. वकील करायलाच हवा असं नाही. रकमेवर वाद असला, तरी जेवढी कंपनीला मान्य आहे तेवढी तिला त्यांच्याकडे जमा करावी लागते. त्यामुळे एका वर्षाच्या वादापायी सतरा वर्षांचे पैसे अडकून पडू नयेत. आपल्या कारखान्यात तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा चूक संगणकातल्या तारखेत निघते आणि नेमणूकपत्राची झेरॉक्स दाखवली की दुरुस्त होते.

तेव्हा नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, रजेची मंजुरी आणि गेल्या तीन महिन्यांची पगारपत्रकं एवढी घेऊन सोमवारी माझ्या टेबलाशी या. वेतनाच्या ओळी आपण एकत्र लावून बघू. राजीनाम्याचा मसुदाही आणा, पण तारखेची जागा कोरी ठेवून.

कळावे,
पगार विभागातला तुमचा सहकारी